वीस टनांची ओळख

‘साठ एकर बागायत, शंभर टक्के सेंद्रिय, निर्यातक्षम, अस्सल जालना मोसंबी.’ खरेदीदारांच्या एका ऑनलाइन बाजारपेठेत नाव नोंदवायचं म्हणून माझ्या चुलत पुतण्याने स्वतःची माहिती लिहायला घेतली आणि पहिलंच वाक्य हे असं उतरलं. परतूर तालुक्यात त्याची आठ एकर मोसंबी आहे. अलीकडे तो शेजारच्या सहा जणांचाही माल घेतो, शेडमध्ये निवडतो, क्रेट भरून बाहेरगावी पाठवतो. म्हणजे शेतकरी होता, आता धंदेवाला झाला. वाक्य मला दाखवून म्हणाला, “काका, भाषा तेवढी बघा.” भाषा ठीकच होती. अडचण अशी होती की त्यातला एकही शब्द तपासणीला टिकणारा नव्हता.

साठ एकरांपासून सुरुवात केली. त्यात त्याचे आठ आणि उरलेले शेजाऱ्यांचे, त्यांच्या कापूस-तुरीसकट. दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या खरेदीदाराला एकर सांगून काय कळणार? त्याला गाड्या भरायच्या असतात, म्हणून त्याला टन हवेत आणि आठवडा हवा. मी म्हटलं, झाडं मोजू. वीस बाय वीस फुटांवर लावलेली बाग, म्हणजे एकरी साधारण १०८ झाडं. आठ एकरांपैकी तीन एकर २०२२ ची लागवड, तिला अजून धरण्यासारखं फळ नाही. उरले पाच एकर, ५४० झाडं. ही २०१४ मध्ये लावलेली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकरने पाणी घातलं आणि शेवटी कुऱ्हाड चालवली. आपल्याकडे आज दिसणाऱ्या बऱ्याच बागांचं वय त्यामुळेच सारखं आहे.

त्याच्या वहीत मागच्या तीन हंगामांच्या वजनाच्या पावत्या होत्या. झाडामागे सरासरी ४५ किलो पडत होते. ५४० गुणिले ४५, म्हणजे २४ टनांच्या थोडं वर. त्यातलं डागी, फुटकं, पतंगाने टोचलेलं आणि लिंबाएवढं राहिलेलं फळ शंभरात पंधरा तरी निघतं. राहिले वीस टन, म्हणजे दहा टनांच्या दोन गाड्या. पोरगा थोडा हिरमुसला. पण वीस टन म्हणून सांगितलेले वीस टन आले, तर तोच खरेदीदार पुढच्या वर्षी पुन्हा फोन करतो. साठ एकर वाचून कुणी दहा गाड्यांची मागणी नोंदवली असती, तर तिसऱ्या गाडीपासून याला बाजारातून दुसऱ्याचा माल उचलून भरावा लागला असता.

शेजाऱ्यांचा माल वेगळ्या ओळीत लिहिला. सहापैकी चौघांनी गेल्या वर्षी याला माल दिला. दोघांनी फळ झाडावर असतानाच बाग बागवानाला उक्ती देऊन टाकली, कारण बागवान हातावर उचल ठेवतो आणि हा ठेवू शकत नाही. चौघांचा मिळून ३५ ते ४० टन माल होतो, पण लेखी काहीच नाही. म्हणून लिहिलं: ‘जोड माल ३५ ते ४० टन, काढणीच्या तीन आठवडे आधी नक्की सांगू.’ मोठ्या खरेदीदाराला अशी ओळ खटकत नाही, कारण त्याच्या धंद्यातही हेच चालतं.

मग हंगाम. हा फक्त आंबिया बहर धरतो. डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यायचा, जानेवारीच्या मध्यावर पाणी सोडायचं, महिनाअखेरीपासून फुलं येतात. फळाला आठ-नऊ महिने लागतात, म्हणजे माल खरा सप्टेंबर अखेरपासून नोव्हेंबरपर्यंत. पण ऑगस्टमध्ये बाजार रिकामा असतो, दर चढलेले असतात आणि तेव्हाच तोडायचा मोह होतो. मोसंबी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. झाडावर असताना जेवढा गोडवा आला, तेवढाच. ऑगस्टात तोडलेलं फळ दिसायला टपोरं असतं, पण रस आंबट आणि कमी निघतो. म्हणून माहितीत ‘वर्षभर उपलब्ध’ हे आधीच भरून येणारं वाक्य खोडलं आणि ‘२० सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर’ लिहिलं. शेजाऱ्यांपैकी एकाचा मृग बहर असतो. त्याचे फेब्रुवारी-मार्च वेगळे लिहिले.

गोडवा कसा सांगायचा? ‘मधासारखी’ असं त्याने लिहिलं होतं. त्यापेक्षा ब्रिक्स मीटर बरं. बाजारात हे छोटं दुर्बिणीसारखं यंत्र मिळतं, काचेवर रसाचे दोन थेंब टाकले की विद्राव्य घटकांचा आकडा दिसतो. बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, झाडाच्या चारही अंगांनी दहा फळं घ्यायची, सगळ्यांचा रस एकत्र करायचा आणि मग मोजायचं. एकाच उन्हाकडच्या फळाचा आकडा लिहिणं म्हणजे वर्गातल्या पहिल्या मुलाचे गुण सगळ्या वर्गाचे म्हणून सांगणं. आम्ही दहा फळं घेतली, वजन १ किलो ९०० ग्रॅम. गाळलेला रस ८०० ग्रॅम, म्हणजे शेकडा ४२. ब्रिक्स साडेनऊ. ‘मधासारखी’ खोडून हे दोन आकडे आणि तारीख लिहिली. तारीख नसेल तर आकड्याला अर्थ नाही, कारण तीन आठवड्यांत तो बदलतो.

आकारावर मात्र त्याचं-माझं जमेना. त्याला फक्त मोठ्या फळाचा फोटो टाकायचा होता. पण रसवाल्याला आणि दुकानात मांडून विकणाऱ्याला एकच फळ लागत नाही. रसवाला मध्यम, पातळ सालीचं फळ घेतो. त्यावर थोडे डाग असले तरी त्याचं काही बिघडत नाही. मॉलवाल्याला सारख्या आकाराचं, बिनडागी फळ हवं. एका झाडावर दोन्ही असतात. मोठ्याचाच फोटो टाकला की मध्यम माल कुणाला विकायचा हा प्रश्न गाडी भरताना उभा राहतो. तीन प्रतींचे तीन फोटो, शेजारी वजनकाटा आणि प्रत्येक प्रतीचं शेकडा प्रमाण द्यायचं, असं शेवटी ठरलं.

रंगाबद्दल दोन ओळी मुद्दाम घातल्या. आपल्याकडे आंबिया तोडणीला येतो तेव्हा रात्री अजून पुरेशा गार झालेल्या नसतात, त्यामुळे साल हिरवट राहते, आत फळ पिकलेलं असलं तरी. उत्तरेकडच्या ग्राहकाला पिवळं फळ हवं असतं. इथिलीन वायू मोजून वापरला तर कायद्याने चालतो. कार्बाइडला मात्र बंदी आहे. याने दोन्ही केलेलं नाही, मग ‘तोडणीच्या वेळी साल हिरवट-पिवळी, रंगासाठी काहीही वापरत नाही’ असं स्पष्ट लिहावं. नाहीतर गाडी उतरल्यावर ‘कच्चा माल’ म्हणून दर पाडायला तिथल्या माणसाला निमित्त मिळतं.

‘शंभर टक्के सेंद्रिय’ हे शब्द सर्वांत आधी जायला हवे होते, पण त्यावर बराच वाद झाला. तो शेणखत घालतो, जीवामृत देतो, तणनाशक मारत नाही, हे खरं. पण फळगळीच्या वेळी बुरशीनाशकाची फवारणी होते आणि कोळी आला की कोळीनाशकाचीही. राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाच्या नियमांत फळबागेला प्रमाणपत्राआधी तीन वर्षांचा रूपांतरकाळ काढावा लागतो. प्रमाणपत्र नसताना माल सेंद्रिय म्हणून विकणं अन्नसुरक्षा कायद्यात बसत नाही. “मग ‘रेसिड्यू फ्री’ लिहू?” तेही नाही. प्रयोगशाळेचा अहवाल ज्या लॉटचा नमुना दिला त्याच लॉटपुरता असतो. अवशेष ‘मर्यादेच्या आत’ असणं आणि ‘आढळले नाहीत’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालावर कुठले शब्द आहेत तेच उतरवायचे. आम्ही लिहिलं: खतं कोणती, शेवटची फवारणी कोणत्या औषधाची, कोणत्या तारखेला आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडणी. मागितल्यास लॉटचा अहवाल. खर्च कुणाचा तेही.

‘अस्सल जालना मोसंबी’ची गंमत वेगळी. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि परतूर जालना जिल्ह्यातच. त्याला वाटलं, झालं. पण १९९९ च्या कायद्याप्रमाणे मानांकन आणि ते वापरण्याचा हक्क हे दोन वेगळे. उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करायची असते. ती होईपर्यंत ‘जालना जिल्ह्यातली, न्युसेलर जातीची मोसंबी’ एवढंच.

त्याला हे सगळं जाच वाटत होतं. पण आपल्याच जिल्ह्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको उभी केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्यात पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता आणि चाचणीची तारीख छापावी लागते. आपला शेतकरी दुकानात पिशवी उलटून आधी ती तारीख वाचतो. स्वतः विकणारा झाला की तीच सवय दुसऱ्याला असेल, हे का विसरावं?

हाताळणीच्या रकान्यात त्याने जे लिहिलं ते मला सगळ्यांत आवडलं, कारण तिथे तो अनुभवातून बोलत होता. दव सुकल्यावरच तोडणी, कारण ओल्या फळाची साल दाबली गेली की तिच्यातलं तेल फुटून तपकिरी डाग पडतात. देठ कात्रीने कापायचा, ओढायचा नाही, ओढलं की देठाजवळ जखम होते आणि तिथून कूज शिरते. आणि तोडलेला माल एक रात्र सावलीत पसरून ठेवायचा. रस शोषणाऱ्या पतंगाने टोचलेलं फळ तोडताना धडधाकट दिसतं, सुईएवढं भोक नजरेला येत नाही. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती मऊ पडतं, दाबलं तर रस येतो. ते आधी निघालं नाही तर गाडीत तिसऱ्या दिवशी शेजारची चार फळं घेऊन जातं.

वजनाचा मुद्दा शेवटी आला. बाजारात टनामागे कडता कापायची पद्धत त्याला पाठ आहे, म्हणून ‘वजन आमच्या काट्यावर’ असं त्याला लिहायचं होतं. पण फळातलं पाणी वाटेत उडतं, दोन-तीन दिवसांच्या प्रवासात वजन थोडं घटणारच. खरेदीदार आपल्या काट्यावर ती घट पाहणार आणि भांडण तिथेच. आम्ही लिहिलं: भरताना दोघांच्या माणसांसमोर वजन, वाटेतली घट शेकडा २ पर्यंत आमची, त्यावर चर्चा. माल नाकारायचा तर उतरल्यापासून सहा तासांत, फोटोसह.

दराच्या रकान्यात त्याने ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलं. ते मी खोडलं नाही. मोसंबीचा दर सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, आणि त्याबाबतीत त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.