फोन उघडला, फॉर्म कोरा झाला, दोष कुणाचा?

परवा घडीच्या फोनवर एका ॲपमध्ये विम्याचा फॉर्म भरत होतो. तिसऱ्या पानावर अक्षरं बारीक वाटली म्हणून फोन उघडला, तर ॲप थेट पहिल्या पानावर! भरलेलं सगळं गायब. फोन बिघडला असंच वाटेल, पण फोन त्याचं कामच करत होता.

स्क्रीनचा आकार बदलला की अँड्रॉइड समोरचं पान, म्हणजे ॲक्टिव्हिटी, सहसा मोडून नव्या मापाने पुन्हा उभं करतं. मोडण्याआधी माहिती जपायची संधी ॲपला मिळते. 'व्ह्यूमॉडेल'मध्ये ठेवलेली माहितीही यातून वाचते. या ॲपने उत्तरं ॲक्टिव्हिटीतच ठेवली असणार, ती तिच्याबरोबर गेली.

मग चूक आधी का दिसली नाही? कारण ॲप उभ्या स्क्रीनला कुलूपबंद होतं. फोन आडवा केला तरी ते फिरायचंच नाही. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, झाकपाक आहे. 'घडीचे फोन नवे आहेत' ही सबबही पटत नाही, स्प्लिट स्क्रीन २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून आहे. आता अँड्रॉइड १६ साठी बनवलेल्या ॲपचं हे कुलूप टॅबसारख्या मोठ्या स्क्रीनवर सिस्टीम जुमानत नाही. गेम तेवढे वगळले आहेत.

तुम्हीही तपासा. फॉर्ममध्ये दोन रकाने भरा, स्प्लिट स्क्रीन करा, मधली पट्टी सरकवा. लिहिलेलं गेलं, तर ॲप काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. 'स्क्रीनचा आकार बदलल्यावर माहिती जाते' एवढंच कंपनीला कळवा. तोवर फोन आधी उघडा, फॉर्म नंतर.