चाचणीच्या दोन रेषा आणि बीपीची जुनी गोळी

चौतिशीतल्या एका बाईचे उदाहरण घेऊ. तिला तीन वर्षांपासून बीपी आहे आणि रोज सकाळी ती टेल्मिसार्टनची ४० मिलिग्रॅमची गोळी घेते. पाळी चुकली, घरी चाचणी केली, दोन रेषा आल्या. गोळी मात्र सुरूच राहिली. ती लिहून देणारे फिजिशियन वेगळे, बाळंतपणाच्या डॉक्टर वेगळ्या, आणि तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचे नाही, नाव घालायलाही जायचे नाही, ही घराघरांतली रीत. या रीतीत गोळी बदलण्याची योग्य वेळ निघून जाते.

लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन ही एकाच कुळातली औषधे. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्यांची चुलत भावंडे. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन या द्रव्याचे काम ती रोखतात, म्हणून आईचा रक्तदाब उतरतो. पण गोळी वारेतून बाळापर्यंतही पोचते, आणि बाळाच्या मूत्रपिंडांना वाढायला व लघवी तयार करायला तेच अँजिओटेन्सिन लागते. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच असते. ती थांबली की सोनोग्राफीत ‘पाणी कमी’ असा शेरा येतो. पाण्याअभावी फुप्फुसे नीट वाढत नाहीत, हातपाय दाबले जाऊन आखडतात, कवटीची हाडे अपुरी राहतात. जन्मानंतर मूत्रपिंडे निकामी असल्याने काही बाळे दगावतात. वेळीच गोळी थांबवली तर पाणी पुन्हा वाढू शकते. पण दर वेळी वाढतेच असे नाही.

सहाव्या आठवड्यात लक्षात आले तर घाबरून गर्भपाताचा विचार करण्याचे मात्र कारण नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत एनालाप्रिलच्या कुळातल्या गोळ्यांमुळे व्यंगे वाढतात, असे २००६च्या एका अमेरिकी अभ्यासातून दिसले होते. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत त्या धोक्याचा बराचसा भाग खुद्द वाढलेल्या रक्तदाबाचा आणि सोबतच्या मधुमेहाचा निघाला. खरे नुकसान चौथ्या महिन्यापासून पुढे होते. म्हणून गोळी लगेच थांबवायची, दुसरी सुरू करायची आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही. फक्त थांबवून स्वस्थ बसणे हाही उपाय नव्हे; डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायला हवा. पाकिटावरचे घटकही वाचावेत, कारण टेल्मिसार्टन अनेकदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असते.

पर्याय तीन. लॅबेटालॉल बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे सुरू करून वाढवतात. दमा असेल तर ते टाळतात, म्हणून दम्याचा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. मिथाइलडोपा सर्वांत जुने. ते घेतलेल्या आयांच्या मुलांची साडेसात वर्षांपर्यंत पाहणी झाली आणि काळजीचे काही आढळले नाही. मात्र त्याने सुस्ती येते, मन उदास होते. म्हणून बाळंतपणानंतर दोन दिवसांत ते बदलावे, असा ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला आहे. रोजच्या वापरासाठी निफेडिपिन सावकाश विरघळणारेच हवे. त्याने चेहरा लाल होतो, पायांवर सूज येते, डोके दुखते. इथेच फसगत होते. डोकेदुखी आणि सूज ही प्रीएक्लॅम्प्सियाचीही लक्षणे आहेत. ‘गोळीमुळे दुखत असेल’ असे म्हणण्याआधी बीपी मोजावा. आकडा १६०/११० किंवा त्यावर असेल, अथवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बरगडीखाली पोट दुखत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

अशा तीव्र रक्तदाबासाठी तिन्ही औषधांची तुलना नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत झाली आणि ती २०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. जवळपास ९०० गरोदर स्त्रियांना तिन्हींपैकी एकच औषध तोंडावाटे दिले गेले. सहा तासांत कोणत्याही अपायाविना रक्तदाब आटोक्यात आला तो निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटालॉलने ७७ टक्के आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के स्त्रियांमध्ये. इंजेक्शन, पंप आणि सतत देखरेख जिथे नाही, तिथे या निष्कर्षाचे मोल फार आहे. मिथाइलडोपा तर एकाच मात्रेत दिले होते. वारंवार डोस द्यायला माणूस नसलेल्या दवाखान्यात तेही उपयोगी ठरते.

खरी गफलत होते ती दिवस राहण्याच्याही आधी, फिजिशियनच्या टेबलाशी. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ‘सार्टन’ लिहून देताना ‘दिवस राहण्याचा विचार आहे का, साधन वापरता का’ हे विचारले जात नाही. विचार असेल तर दिवस राहण्याआधीच लॅबेटालॉल किंवा निफेडिपिनवर जाता येते. नसेल, तर ‘पाळी चुकल्यास ही गोळी बंद करून त्याच दिवशी फोन’ एवढी ओळ चिठ्ठीवर मराठीत लिहावी, आणि औषध देताना दुकानदारानेही ती वाचून दाखवावी.