छायाचित्र ओळखणे वेगळे, छायाचित्र शोधणे वेगळे

चिपळूणच्या बाजारपेठेत पावसाळ्यातील प्रत्येक अतिवृष्टीच्या रात्री एक प्रश्न विचारला जातो. माल माळ्यावर चढवायचा की नाही? वाशिष्ठी आणि शिव या नद्यांनी २००५ च्या जुलैमध्ये आणि त्याहून भयंकर रीतीने २२ जुलै २०२१ रोजी या शहराला जो धडा दिला, त्यानंतर हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेत नाही. मात्र हल्ली त्याचे उत्तर नदीच्या पातळीआधी भ्रमणध्वनीवर येते. पाण्यात बुडालेल्या एसटी गाड्यांचे एखादे छायाचित्र ‘आत्ताचे चिपळूण’ अशा मथळ्यासह गटागटांतून फिरू लागते आणि मग ते खरोखर आत्ताचे की २०२१ चे, याचा उलगडा करण्याची घाई सुरू होते. ही शहानिशा आता बरेच जण चॅटबॉटकडे सोपवतात. छायाचित्र चढवायचे आणि विचारायचे, ‘हे महाजालावर आधी कोठे आले आहे का?’ उत्तर क्षणात, शुद्ध भाषेत आणि ठामपणे मिळते. अडचण अशी की, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे साधनच बहुधा त्या यंत्रापाशी नसते.

ते का नसते, हे समजण्यासाठी आधी उलटा प्रतिमाशोध, म्हणजे शब्दांऐवजी छायाचित्र देऊन घेतलेला शोध, कसा चालतो ते पाहू. टिनआय ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. गूगलने २०११ मध्ये अशी सोय दिली आणि आज ते काम ‘गूगल लेन्स’ करते. या सर्वांच्या मुळाशी एक अवाढव्य नोंदवही असते. शोधयंत्राचे स्वयंचलित कार्यक्रम अहोरात्र संकेतस्थळे चाळतात, तेथे दिसलेल्या प्रत्येक चित्राचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा घेतात आणि त्या ठशासमोर ते चित्र ज्या पानावर दिसले त्या पानाचा पत्ता लिहून ठेवतात. ठसा आणि पत्ता ही जोडी हेच या व्यवहाराचे भांडवल आहे.

ठसा घेण्याची एक सोपी पद्धत उदाहरणादाखल सांगता येईल. मोठी शोधयंत्रे याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या पद्धती वापरतात, पण तत्त्व तेच आहे. छायाचित्र कृष्णधवल करून इतके आक्रसायचे की आडवे ९ आणि उभे ८ ठिपके उरतील. मग प्रत्येक ओळीत शेजारशेजारचे दोन ठिपके घेऊन डावा अधिक उजळ आहे का, एवढेच विचारायचे. आठ ओळींत प्रत्येकी आठ तुलना, म्हणजे ६४ ‘हो-नाही’ उत्तरांची एक माळ तयार होते. तेच छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा वेळा पुढे गेले, दाबले गेले, धूसर झाले, तरी त्या ६४ पैकी दोनचारच उत्तरे बदलतात. भलत्याच छायाचित्राशी तुलना केली तर साधारण निम्मी जुळत नाहीत. म्हणून ‘हेच ते छायाचित्र’ असे यंत्राला सांगता येते, त्यात काय आहे हे त्याला मुळीच कळले नाही तरी. बस, पाणी, चिपळूण यांपैकी एकही शब्द त्याला ठाऊक असण्याची गरज नाही.

चॅटबॉटचे नेमके उलट आहे. त्याला बस कळते, पाणी कळते, पाटीवरची देवनागरी अक्षरेही पुष्कळदा वाचता येतात. पण नोंदवही नसते. चढवलेल्या चित्राचे तो लहान लहान चौकोन पाडतो. या पद्धतीच्या एका प्रसिद्ध आराखड्यात २२४ ठिपक्यांच्या चौरस चित्राचे १६ ठिपक्यांचे १९६ चौकोन होतात. प्रत्येक चौकोन आकड्यांच्या एका ओळीत रूपांतरित होतो आणि त्या ओळी प्रश्नातील शब्दांबरोबर यंत्रात शिरतात. तेथून पुढे एकच काम चालते, ते म्हणजे उत्तराचा पुढला शब्द कोणता असावा हे ठरवणे. प्रशिक्षणाच्या वेळी या यंत्राला कोट्यवधी चित्रे दाखवलेली असतात, त्यांत चिपळूणच्या पुराचीही असतील. पण शिकून झाल्यावर मागे उरतात ते असंख्य आकडे. कोणते चित्र कोणत्या पानावर होते, याची यादी त्यात नसते. शेकडो गावांचे पूर पाहिलेल्या माणसाला पुराचे पाणी ओळखता येते. म्हणून अमुक छायाचित्र कोणत्या वर्तमानपत्राच्या कोणत्या अंकात होते हे त्याला सांगता येईलच असे नाही.

आता २०२१ चेच उदाहरण घेऊ. त्या दिवशी चिपळूणचे एसटी आगार पाण्याखाली गेले आणि आगारातील रोकड वाचवण्यासाठी तेथील व्यवस्थापक कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. या घटनेच्या बातम्या सर्वदूर गेल्या. समजा, बुडालेल्या आगाराचे असे एखादे जुने छायाचित्र आज रात्री पुन्हा फिरू लागले. ते लेन्समध्ये टाकून ‘Exact matches’ हा विभाग उघडला, तर जुलै २०२१ मधील बातम्यांची पाने समोर येण्याची शक्यता मोठी. त्यातले एखादे पान उघडून तारीख पाहिली की प्रश्न मिटला. टिनआयवर निकाल ‘Oldest’ या क्रमाने लावता येतात. मात्र तेथील तारीख ही छायाचित्र टिपल्याची नसते. त्या सेवेला ते प्रथम केव्हा दिसले, एवढेच ती सांगते. छायाचित्र त्याहून जुने असू शकते, नवे असू शकत नाही. जुने छायाचित्र पकडण्यास एवढे पुरते.

तेच छायाचित्र चॅटबॉटला दिले तर तो वर्णन करतो. लाल गाड्या, गढूळ पाणी, मराठी पाट्या, म्हणून महाराष्ट्रातील पूर. येथवर ठीक. मग तो खुणांवरून तर्क करू लागतो आणि येथे एसटीच्या गाड्या चांगल्याच फसव्या ठरतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या वाहनांचा क्रमांक ‘एमएच ०८’ असतो. पण एसटीच्या अनेक गाड्यांवर बांधणी करणाऱ्या कार्यशाळेच्या ठिकाणचा क्रमांक असतो. चिकलठाण्याची गाडी ‘एमएच २०’ घेऊन कोकणात आयुष्य काढते. ती पाटी वाचून कोणी हे छायाचित्र मराठवाड्यातील ठरवले, तर वाचन बिनचूक आणि निष्कर्ष चूक, असा प्रकार होईल. स्थानिक वाचक मनातल्या मनात हसेल. मुंबईत किंवा दुबईत बसलेल्या त्याच्या भावाला मात्र ते पटेल.

काही चॅटबॉट आता महाजाल धुंडाळून उत्तर देतात, तेव्हा हा आक्षेप जुना झाला, असे कोणी म्हणेल. तसे नाही. बहुतेक वेळा घडते ते असे की, यंत्र चित्राचे शब्दांत रूपांतर करते, ‘चिपळूण पूर एसटी आगार’ अशा शब्दांनी शोध घेते आणि आलेली पाने वाचते. त्या पानांवरची छायाचित्रे आणि आपण दिलेले छायाचित्र यांची तुलना तेथे होत नाही. मिळालेले दुवे खरे असतात, ते त्याच विषयाचे असतात. मात्र ते आपल्या छायाचित्राचे असतीलच असे नाही. २०२१ च्या पुराच्या बातमीचा दुवा पाहून वाचकाची समजूत होते की छायाचित्र २०२१ चेच आहे. ज्या सेवेला प्रतिमाशोधाची खरीखुरी जोड दिलेली असेल तेथे गोष्ट वेगळी, परंतु तेथेही काम नोंदवहीच करते, चॅटबॉट केवळ निरोप्या असतो.

या गफलतीचे मोल किती मोठे असू शकते, हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. गाझामधील नऊ वर्षांच्या एका कृश मुलीचे छायाचित्र एएफपी या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार ओमर अल-कत्ता यांनी २ ऑगस्ट रोजी टिपले होते. ‘एक्स’वरील ग्रोक या चॅटबॉटला वापरकर्त्यांनी त्याचा उगम विचारला, तेव्हा ते २०१८ मध्ये येमेनमध्ये टिपलेले दुसऱ्याच मुलीचे छायाचित्र असल्याचे त्याने ठामपणे सांगितले. चूक दाखवून दिल्यावर त्याने ती मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर दिले. उपासमारीने खंगलेल्या मुलीचे चित्र म्हणताच त्याच्या शिकवणीतील एक गाजलेले चित्र वर आले. हे साम्य अर्थाचे होते. छायाचित्र तेच आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. आणि याचा परिणाम असा झाला की, नवे व खरे छायाचित्र जुने म्हणून नाकारले गेले.

चिपळूणच्या दृष्टीने मला हीच बाजू अधिक गंभीर वाटते. जुने छायाचित्र नवे समजून माल माळ्यावर चढवला तर एका रात्रीची मेहनत वाया जाईल. पण अर्ध्या तासापूर्वी बाजारपुलापाशी टिपलेले छायाचित्र कोणी ‘अहो, हे २०२१ चे’ म्हणून झटकून टाकले, तर नुकसान कशाचे होईल हे तेथील दुकानदारांना सांगावे लागणार नाही. चॅटबॉटचा तोल नेमका या बाजूला जाण्याची भीती आहे, कारण चिपळूण आणि पूर हे शब्द एकत्र आले की महाजालावर २०२१ चाच मजकूर ढिगाने सापडतो.

प्रतिमाशोधालाही मर्यादा आहेत आणि त्या ओळखूनच तो वापरावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद गटांत त्याचे कार्यक्रम शिरू शकत नाहीत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामचा मोठा भागही त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. छायाचित्र आरशातल्यासारखे उलटवले किंवा त्याचा मोठा भाग कापला तर ठसा चुकू शकतो. अशा वेळी ते पुन्हा सुलटे करून, किंवा दुकानाच्या पाटीचा तेवढाच तुकडा घेऊन शोधून पाहावे. जुने पान सापडले तर पुरावा मिळाला. काहीच सापडले नाही, तर छायाचित्र नवे ठरत नाही; ते फक्त नोंदवहीत नाही एवढेच कळते. अशा वेळी पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागणे उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठवले की त्यातील वेळ-स्थळाची नोंद गळून पडते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास सहसा टिकते.

आपल्या हातातील साधन कोणत्या जातीचे आहे, याची परीक्षा घरीच घेता येते. खिडकीतून अंगणाचे एक छायाचित्र काढावे, ते कोणालाही न पाठवता थेट त्या साधनाला द्यावे आणि ते आणखी कोठे प्रसिद्ध झाले आहे असे विचारावे. प्रतिमाशोध तंतोतंत जुळणारे काही दाखवणार नाही. दिसायला सारखी अंगणे मात्र दाखवील. चॅटबॉटने ‘मला हे तपासता येत नाही’ असे सांगितले, तर तो निदान प्रामाणिक आहे. त्याने एखाद्या संकेतस्थळाचे नाव घेतले, किंवा ‘तपासले, कोठेही आढळले नाही’ असे सांगितले, तर पुराच्या रात्री त्याच्या शब्दावर किती विसंबायचे ते ठरवता येईल. त्याने दुवा दिलाच तर तो उघडून दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवावीत आणि बसपेक्षा विजेच्या तारा, शटरवरची अक्षरे, भिंतीवरचा पोपडा यांच्याकडे पाहावे. बस दुसऱ्या आगारातही तशीच असते, भिंतीवरचा पोपडा मात्र दुसरीकडे नेमका तसा सापडत नाही.