पेढे की बर्फी?

आपल्याकडे मूल जन्माला आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पेढे की बर्फी?" पेढे म्हणजे मुलगा आणि बर्फी म्हणजे मुलगी, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दारात उभे राहून कोणी हसत हसत हा प्रश्न विचारला, तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन तरी कळते. तोच प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर सतरा माणसांच्या देखत विचारला म्हणजे काय होते, ते मला गेल्या वर्षी कळले. विचारणारा मीच होतो.

कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी पाच ते नऊ मी औषधांच्या एका घाऊक दुकानात काम करतो. चलने लिहिणे आणि खोकी बांधणे हे माझे काम. दुकानाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मालक, मॅनेजर, हिशेब लिहिणाऱ्या ताई, फार्मासिस्ट मॅडम, पॅकिंगच्या मावशी, गोदामातले चाचा, माल पोचवणारे दादा आणि त्यांच्या हाताखालची मुले असे आम्ही सतराजण त्यात आहोत. विशीपासून साठीपर्यंतची माणसे, स्त्रिया आणि पुरुष, तीन धर्मांची. कोणता माल आला, कोण रजेवर, एवढेच त्यात एरवी येते.

एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी लिहिले, "दादांना दुसरे कन्यारत्न." पाठोपाठ मावशी मला म्हणाल्या, "तू कॉलेजात शिकतोस, छानपैकी चार ओळी लिही की!" माझी छाती फुगली. आमच्या घरात अशा चार ओळी लिहिणारा मीच पहिला. मी लिहिले, "दादा, हार्दिक अभिनंदन! दुसरीही मुलगी झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, लक्ष्मी आली आहे. वहिनींची नॉर्मल की सिझर? बर्फी कधी? पुढच्या वेळी पेढेच!"

सात-आठ अंगठे उमटले. दादांचा एकच शब्द आला, "धन्यवाद." मला वाटले, कामात असतील.

चार दिवसांनी दादा कामावर आले. चहा पिताना ते शांतपणे म्हणाले, "मला वाईट वाटलंच नव्हतं रे. तू का लिहिलंस तसं? दवाखान्यात फोन हिच्या हातात होता. तिनं वाचलं आणि मला विचारलं, तुमच्या दुकानात सगळ्यांना वाईट वाटलंय का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बाळंतपणाला दोन दिवसही न झालेल्या एका बाईला, जिला मी पाहिलेलेसुद्धा नाही, तिला मी अभिनंदनाच्या नावाखाली सांत्वन पाठवले होते. सांत्वन दुःखात करतात. न मागितलेले सांत्वन केले की समोरच्याच्या पदरात दुःख आहे असे आपणच ठरवून टाकतो. "लक्ष्मी आली" हे शब्द वाईट नाहीत. पण मुलगा झाला असता तर मी "कुबेर आला, वाईट वाटून घेऊ नका" असे लिहिले असते काय?

त्याच दिवशी हिशेबाच्या ताईंनीही मला बाजूला घेतले. त्यांनी सांगितलेले त्यांच्या परवानगीने लिहितो. तीन महिन्यांपूर्वी पाचव्या महिन्यात त्यांचे मूल गेले होते. ग्रुपमधल्या फार थोड्यांना ते ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "दादांचा आनंद मला नको होता असं नाही. पण नॉर्मल की सिझर, पुढच्या वेळी काय, हे वाचवलं नाही. मी फोन बंद करून ठेवला."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की संदेशावर नाव दादांचे असले, तरी तो वाचतात सतराजण. त्यांच्यात एखादी अशी असते की जिची कूस नुकतीच रिकामी झाली आहे. एखादा असा असतो की ज्याला मूल होत नाही. एखादीला तिन्ही मुलीच असतात. आपल्याला ते ठाऊक नसते, आणि ते विचारण्याचा हक्कही आपल्याला नसतो. म्हणून मजकूरच असा हवा की तो त्यांच्याही नजरेखालून निमूट जावा.

आमची आई लिहीत नाही. वाडीत कोणी बाळंत झाली की ती डिंकाचे लाडू आणि जुन्या मऊ लुगड्याची दुपटी घेऊन जाते, खाटेशेजारी बसते आणि सगळे विचारते. टाके किती पडले, दूध उतरले का, तेही. पण तिथे पुरुष नसतात, आवाज हळू असतो, आणि बाळंतीण रडली तर आईचा हात तिच्या पाठीवर असतो. ग्रुप म्हणजे दुकानातल्या भिंतीवरचा फळा. खाटेशेजारचे प्रश्न मी फळ्यावर लिहिले, ही माझी चूक.

ती चूक सुधारण्याची संधी मला सहा महिन्यांनी मिळाली. फार्मासिस्ट मॅडमनी स्वतःच पहाटे ग्रुपवर लिहिले, "काल रात्री बाळ झाले. आठव्या महिन्यातच आले, वजन एक किलो आठशे ग्रॅम. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. दुवा करा."

दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले मूल. आणि अडीच किलोच्या आतले वजन कमी समजतात. म्हणजे बातमी आनंदाची होती आणि धास्तीचीही. ग्रुपवर पुष्कळ वेळ कोणी काही लिहीना. मग एकाने विचारले, "असे कसे झाले?" दुसऱ्याने विचारले, "मुलगा की मुलगी?" तिसऱ्याने ओळखीच्या डॉक्टरचे नाव सुचवले. अभिनंदन मात्र कोणीच केले नाही. बाळ घरी आले म्हणजे करू, असे सगळ्यांच्या मनात असावे.

मी वर्गात बसून वहीच्या मागच्या पानावर मजकूर लिहिला आणि खोडला. "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे वाचून आनंद झाला" असे पहिले वाक्य होते. आपल्या जुन्या लोकांनी घडवलेले हे फार सुंदर वाक्य आहे, कारण त्यात मुलगा-मुलगी काही येत नाही, फक्त दोन जीव येतात. पण ते निरोप आणणाऱ्याने सांगायचे वाक्य आहे. मॅडमनी 'सुखरूप' हा शब्द लिहिला नव्हता. तो त्यांच्या तोंडी घालणारा मी कोण? ते खोडले. "देव सर्व ठीक करील" हेही खोडले. आपल्या देवाला आपण घरी हात जोडावेत, किंवा स्वतःच्या नावाने वेगळे कळवावे. परंतु मला मावशींनी सगळ्यांच्या वतीने लिहायला सांगितले होते, आणि आमच्यात देव एकच नाही. "लवकर परत या, तुमच्यावाचून दुकान अडले आहे" हे वाक्य मला फार आवडले होते. पण बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला ते कौतुक वाटेल की तगादा? २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी ही भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. जी रजा कायद्याने दिली, ती घेताना तिला अपराधी वाटायला लावणारे वाक्य आपण का लिहावे? तेही खोडले.

शेवटी उरले ते असे :

"मॅडम, आई झाल्याबद्दल तुमचे आणि तुमच्या घरच्या सर्वांचे मनापासून अभिनंदन. बाळाला उदंड आयुष्य लाभो. फ्रिजच्या तापमानाची संध्याकाळची नोंद मी रोज ठेवीत आहे. या संदेशाला उत्तर देण्याची काहीही गरज नाही."

अभिनंदन पहिल्या वाक्यात आहे, कारण बाळ पेटीत असले तरी ती आई झालेली आहे. दुसरे वाक्य बाळाला आहे. मी एकोणीस वर्षांचा. मॅडमना आशीर्वाद देण्याचे माझे वय नाही, पण बाळाला शुभेच्छा देता येतात. तिसरे वाक्य वाचून तुम्हांला हसू येईल. इन्सुलिन व लशी ठेवतात त्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांत आहे ना, हे मॅडम दररोज वहीत स्वतः नोंदवीत. त्या दिवसांत त्यांना ती वही आठवणार, हे मला ठाऊक होते. "काही लागले तर सांगा" असे आपण सारेच लिहितो, आणि कोणी काही सांगत नाही. त्यापेक्षा आपल्या हातात असलेले एक काम नाव घेऊन सांगावे. मात्र जे हातात नाही त्याचे वचन देऊ नये. औषधांची तपासणी फार्मासिस्टनेच करायची असते, ती मी करीन असे मी लिहिले नाही.

हा मजकूर पाठवताना मी तीन गोष्टी पाहिल्या. बाळ मुलगा असो वा मुलगी, त्यातला एकही शब्द बदलावा लागत नाही. त्यात एकही प्रश्नचिन्ह नाही. आणि हिशेबाच्या ताईंनी तो वाचला तरी त्यांना फोन बंद करावा लागणार नाही. त्यांनी तो वाचला आणि खाली लिहिले, "माझ्याकडूनही अभिनंदन." मग एकामागून एक सगळ्यांनी लिहिले.

कोणी म्हणेल, असे मोजूनमापून लिहिले तर अभिनंदन कोरडे होऊन सरकारी परिपत्रकासारखे वाटेल. मला ही शंका रास्त वाटते. पण ओलावा दाखवायच्या जागा निराळ्या आहेत. मावशी दवाखान्यात जाऊन मॅडमच्या आईला डबा देऊन आल्या. चाचा त्यांच्या मिस्टरांशी रोज फोनवर बोलत. मी बारा ओळींचे पत्र वेगळे लिहिले. फळ्यावर सगळ्यांना साजेल तेवढेच लिहावे, आणि बाकीचे त्या माणसापाशी जाऊन बोलावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

बाळ एकवीस दिवसांनी घरी गेले. मॅडम पुढे एकदा दुकानात आल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे काय झालं, काय झालं असं विचारत होते. मी आई झाले हे पहिल्यांदा तुझ्या मेसेजमधून वाचलं."

दादांच्या घरी मात्र मी अजून गेलेलो नाही. धाकटीचा पहिला वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, आणि दादांनी बोलावले आहे. वहिनींना काय म्हणायचे ते मी ठरवले आहे. ते लिहून दाखवण्याजोगे नाही. ते समोर उभे राहूनच म्हणायला हवे. बर्फी मात्र मी घेऊन जाणार नाही. पेढे नेईन.