थट्टा, बदनामी आणि पाठलाग

१८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामी म्हणजे काय हे समजावण्यासाठी एका चोरीला गेलेल्या घड्याळाची तीन उदाहरणे दिली होती. पहिल्यात एक जण म्हणतो, ‘तो सचोटीचा माणूस, त्याने घड्याळ मुळीच चोरलेले नाही’. पण ऐकणाऱ्याला नेमके उलटे पटावे, असा त्याचा बेत असतो. दुसऱ्यात चोर कोण असे विचारल्यावर कुणी काहीही न बोलता एका माणसाकडे बोट दाखवतो. तिसऱ्यात कुणी त्या माणसाचे घड्याळ घेऊन पळतानाचे चित्र काढतो. टोमणा, इशारा आणि चित्र. कायद्याने या तिन्हींना बदनामीच म्हटले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, बदनामीचे कलम ४९९ जाऊन कलम ३५६ आले. पण ते घड्याळ आणि ती तीन उदाहरणे जागच्या जागी आहेत. मोबाइलवर मीम पाठवून ‘मी तर गंमत केली’ म्हणणाऱ्याला उत्तर इंटरनेटच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेले आहे.

मग प्रत्येक झोंबणारी थट्टा गुन्हा ठरते का? मुळीच नाही. रेषा कुठे आहे, हे एका साध्या प्रसंगातून पाहू.

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीचा व्हॉट्सॲप गट आहे. लिफ्टच्या दुरुस्तीला उशीर झाला म्हणून एक सभासद खजिनदारांना ‘महाचिंगूस’ म्हणतो, त्यांच्या टकलावर विनोद करतो. हे बोलणे उर्मट आहे, दुखावणारे आहे, पण बदनामी नाही. कारण ते वाचून खजिनदारांविषयी कुणाचाही एखाद्या गोष्टीवर नव्याने विश्वास बसत नाही. वाचणाऱ्याला फक्त लिहिणाऱ्याचा राग कळतो. बदनामीला केवळ अपमान पुरत नाही. अमक्याने अमुक केले, असा आरोप लागतो आणि त्या आरोपामुळे इतरांच्या नजरेत त्या माणसाचे चारित्र्य, त्याचा व्यवसाय किंवा त्याची पत खाली यावी लागते.

आठ दिवसांनी तोच सभासद खजिनदारांचा विमानतळावरचा फोटो घेतो आणि त्यावर लिहितो, ‘दुबई सहल, सौजन्य : आपला लिफ्ट निधी’. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. पण आता चित्र बदलले आहे. या ओळीचा सरळ अर्थ ‘सोसायटीचे पैसे खाल्ले’ असा होतो आणि गटातल्या शंभर जणांपैकी काहींना तो खरा वाटू शकतो. घड्याळ घेऊन पळणाऱ्या माणसाचे चित्र ते हेच. उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. तेव्हा पाहायचे एवढेच, की सामान्य वाचकाने त्यातून काय समजावे आणि लिहिणाऱ्याला त्याची कल्पना होती किंवा असायला हवी होती का. हाच मजकूर फक्त खजिनदारांच्याच नंबरवर गेला असता, तर बदनामी झाली नसती. तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचणे ही तिची अट आहे.

इथे दोन गैरसमज खूप महागात पडतात. पहिला, ‘मी फक्त पुढे पाठवले’. आक्षेपार्ह मजकूर स्वतः न लिहिता पुन्हा प्रसारित करणाराही बदनामीला जबाबदार ठरू शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अरविंद केजरीवाल यांच्या रीट्वीटच्या प्रकरणात म्हटले. उलट, गटाचा ॲडमिन आहे एवढ्यावरून दुसऱ्याच्या संदेशाबद्दल त्याला आरोपी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केले आहे. दुसरा गैरसमज, ‘खरे असले म्हणजे झाले’. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारी कायद्यात मात्र ते सत्य सांगणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. खजिनदारांनी खरोखर अपहार केला असेल, तर तो पुराव्यासह सर्वसाधारण सभेत मांडणे लोकहितात बसेल. त्यांच्या घरातल्या भांडणाची खरी गोष्ट मीम करून वाटणे बसणार नाही.

आता तोच सभासद आपला रोख सोसायटीच्या सचिव बाईंकडे वळवतो. आधी त्यांच्या शरीरावरून अश्लील सूचक विनोद, मग त्यांच्या फोटोला दुसऱ्या बाईचे उघडे शरीर जोडून केलेले चित्र. त्यांनी त्याला ब्लॉक केल्यावर नव्या नंबरवरून रात्री अकराला ‘मॅडम, रागावलात? बोला ना’ असे संदेश, रोज. यातून त्यांच्याविषयी कुणाचा काही समज झाला की नाही, हा प्रश्नच आता गौण आहे. हा प्रतिष्ठेचा मामला राहिला नाही, हा माणसाच्या मागे लागण्याचा मामला झाला. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द किंवा दाखवलेली वस्तू न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नको असल्याचे स्पष्ट दिसत असूनही जवळीक वाढवण्यासाठी वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणे हा कलम ७८ खालचा पाठलाग; पहिल्यांदा तीन, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. त्या अश्लील चित्राला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ वेगळे लागते. ‘कलमात उच्चारलेला शब्द म्हटले आहे, मी तर लिहिले’ हा युक्तिवाद दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीच्या ई-मेलच्या प्रकरणात करून पाहिला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो फेटाळला. लिहिलेला शब्दही तेवढीच जखम करतो, हे न्यायालयाने मान्य केले.

जातीवरून केलेली थट्टा याहून वेगळ्या तराजूत पडते. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर जातीवाचक अपमान करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे आणि ऑनलाइन अपमानालाही तो लागू होतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. त्यात सर्वसाधारणपणे अटकपूर्व जामीनही मिळत नाही.

या सगळ्यात कायद्याने एक शहाणपण दाखवले आहे आणि नेमके तेच आपल्याकडे सर्वाधिक पायदळी तुडवले जाते. कायद्याने दोन वेगवेगळे दरवाजे ठेवले आहेत. बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. पोलीस त्यात स्वतःहून तपास किंवा अटक करू शकत नाहीत. दुखावलेल्या व्यक्तीनेच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल करायची असते. ती तिच्या चाहत्याला किंवा कार्यकर्त्याला सहसा करता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्याआधी समोरच्याला बाजू मांडण्याची संधीही द्यावी लागते. म्हणजे हा दरवाजा मुद्दाम अरुंद आणि संथ ठेवला आहे, कारण त्यातून टीका आणि विनोद दोन्ही चिरडले जाऊ शकतात. कलम ७८ आणि ७९ मात्र दखलपात्र आहेत. तिथे पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो, हद्दीचे कारण सांगून कुणाला परत पाठवता येत नाही. तो दरवाजा रुंद आणि जलद हवा, कारण तिथे माणूस रोज रात्री भीतीत जगत असतो.

आपल्या व्यवहारात हे दरवाजे उलटे झाले आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिली म्हणून पालघरच्या एका तरुणीला आणि ती ‘लाइक’ केली म्हणून तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. या घटनेमुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ विरुद्ध याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरी धडा घेतला गेला नाही. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्यावरची दुसऱ्याच्या नावाची पद्यरचना फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली आणि त्या सुमारे चाळीस दिवस कोठडीत राहिल्या. ती रचना अनेकांना हीन वाटली असेल, आम्हालाही तिचे समर्थन करायचे नाही. पण केवळ बदनामीसाठी पोलीस अटक करू शकत नाहीत, म्हणून तिच्या जोडीला समाजात तेढ निर्माण केल्याचे कलम आले. नेत्यांवरच्या थट्टेत हेच जोडकलम वारंवार दिसते. अदखलपात्र गुन्ह्याला दखलपात्र करण्याची ही वाट आहे आणि ती बंद व्हायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करण्याचे साधनही दिले आहे. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्धचा गुन्हा २८ मार्च २०२५ रोजी रद्द करताना न्यायालयाने सांगितले, की तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अभिव्यक्तीविषयक गुन्ह्यांत एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करणेच योग्य. आणि शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, पदोपदी असुरक्षित वाटणाऱ्याच्या मापाने नव्हे. राज्याच्या गृह विभागाने हा आदेश प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावावा. नेत्याच्या व्यंगचित्रावरची तक्रार आली, तर ठाणे अंमलदाराने तक्रारदाराला न्यायालयाची वाट दाखवावी. सचिव बाई आल्या, तर त्यांना ‘ब्लॉक करा आणि सोडून द्या’ असा सल्ला देऊ नये.

त्या बाईंसारख्यांनी काय करावे? संदेश डिलीट करू नयेत, राग आला तरी. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे; मूळ संदेश असलेला फोन जपून ठेवावा, कारण साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण नसेल तर ते अवघड होते. एकदा, स्पष्ट शब्दांत, ‘मला संपर्क करू नका’ असे लिहून कळवावे. त्यानंतरचा प्रत्येक संदेश पाठवणाऱ्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. खजिनदारांनीही वेळेचे भान ठेवावे : नुकसानभरपाईचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात आणि फौजदारी फिर्याद तीन वर्षांत करावी लागते.

कायद्याची एक उणीवही नोंदवायला हवी. पाठलागाचे कलम फक्त पुरुषाने स्त्रीचा केलेला पाठलाग ओळखते. महाविद्यालयातल्या मुलाला त्याचे सहाध्यायी महिनोन्‌महिने मीमने छळत असतील, तर त्यात धमकी, अश्लीलता किंवा जातीवाचक अपमान नसला की फौजदारी कायद्यात त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. सातत्याने केलेल्या ऑनलाइन छळासाठी लिंगनिरपेक्ष, काटेकोर व्याख्येचे कलम हवे. ते लिहिताना एकदाच केलेली थट्टा त्यात अडकणार नाही आणि नेत्यांना ते हत्यार म्हणून वापरता येणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल.

सोसायटीच्या त्या सभासदाचे तिन्ही संदेश एकाच बोटाने, एकाच पडद्यावरून गेले. पहिला सहन करायचा, दुसऱ्याचे उत्तर न्यायालयात मागायचे आणि तिसऱ्यासाठी त्याच दिवशी पोलिसांनी हलायचे. लिहिणाऱ्याने ‘पाठवा’वर बोट ठेवण्याआधी आणि ठाणे अंमलदाराने लेखणी उचलण्याआधी आपल्यापुढे यातला कोणता संदेश आहे, एवढे ओळखले, तरी थट्टा जिवंत राहील आणि माणूसही सुरक्षित राहील.