प्रमुख पाहुण्यांची चार मिनिटं

बक्षीस समारंभातलं भाषण कुणी ऐकत नाही. आपल्या गॅदरिंगला मागच्या रांगांत काय चालतं, ते इथे छापायला नको! पण यात ऐकणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्यांचा दोष मोठा, असं माझं ठाम मत आहे. हे मत तयार झालं ते मालगुंडमुळे.

गणपतीपुळ्याला जाताना तुमच्यापैकी बरेच जण मालगुंडला थांबले असतील. केशवसुतांचं गाव. माझे काका बँकेतून रिटायर होऊन तिथे राहतात. एका शाळेने त्यांना प्रश्नमंजुषेच्या बक्षीस वितरणाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आणि भाषण लिहायचं काम आलं माझ्याकडे. कॉन्व्हेंटवाल्याकडून मराठी भाषण! स्पर्धा आधीच होऊन गेली होती, बक्षिसं नंतर गॅदरिंगला द्यायची होती. म्हणून काकांना आधी प्रश्नपत्रिका आणि निकाल मागवायला सांगितलं.

निकाल बघितल्यावर एक साधं गणित दिसलं. १२ संघ, प्रत्येकी ३ मुलं, म्हणजे ३६. बक्षिसं तीनच संघांना. नेहमीचं भाषण ९ जणांचं अभिनंदन करतं आणि उरलेल्या २७ जणांना 'हार-जीत महत्त्वाची नसते' असं सांगतं. त्या वयात तीच तर महत्त्वाची असते! त्यातून धावण्याच्या शर्यतीत हरलेल्याला आपण नेमके कुठे मागे पडलो ते सांगता येत नाही. क्विझमध्ये मात्र कोणत्या प्रश्नाने घात केला, तो प्रश्न पाठ असतो. म्हणून भाषण प्रश्नांवरच असायला हवं, तेही एकाच प्रश्नावर.

तो प्रश्न शोधावा लागला नाही. 'केशवसुतांची जन्मतारीख कोणती?' एका संघाने १५ मार्च १८६६ सांगितली. उत्तरपत्रिकेत ७ ऑक्टोबर १८६६ होती. गुण गेले आणि तिसरा नंबरही गेला. गंमत म्हणजे दोन्ही तारखा छापील पुस्तकांत सापडतात. वर्षाबद्दल वाद नाही, तारखेबद्दल आहे. प्रश्न काढणाऱ्याने एक पुस्तक बघितलं, मुलांनी दुसरं. नुसतं साल विचारलं असतं तर काहीच बिघडलं नसतं.

आता हे स्टेजवरून बोलायचं कसं? पाहुण्याने निकाल फिरवू नये आणि यजमान सरांना मुलांसमोर खाली बघायला लावू नये. पण गप्प बसलं तर बरोबर अभ्यास केलेली तीन मुलं 'आपलं चुकलं' असं धरून घरी जाणार. काका म्हणाले, "विषयच टाळ ना रे." मी टाळला नाही. लिहिलं ते असं:

"मुलांनो, तुमच्या गावच्या कवीचा वाढदिवस कधी, यावर पुस्तकांचंच एकमत नाही. काही पुस्तकं पंधरा मार्च म्हणतात, काही सात ऑक्टोबर. स्पर्धेला एकच उत्तर धरावं लागतं, ते सरांनी धरलं. पण ज्यांनी दुसरं उत्तर दिलं त्यांनी ते मनाने दिलेलं नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा आणि बघा, कोण कशाच्या आधारावर सांगतंय. त्या काळी बऱ्याच घरांत जन्माची तारीख नाही, तिथी लिहून ठेवत. मग तारीख आली कुठून? हा प्रश्न अजून कुणाच्याच उत्तरपत्रिकेत नाही."

एवढाच गाभा. बाकी कात्रीच चालवली. 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर' एका वाक्यात उरकले, कारण एकेक नाव घेत बसलं तर त्यातच मिनिट जातं. काका मिनिटाला साधारण १०० शब्द बोलतात. हे घड्याळ लावून, मोठ्याने वाचायला लावून मोजलं. मनात वाचताना आपण नेहमी जास्त वेगाने जातो, आणि चार मिनिटांचं भाषण सात मिनिटांवर जातं ते याचमुळे. म्हणून ४०० शब्दांवर थांबलो. आकडे अक्षरात लिहिले. '१८६६' बघून काका अडखळणार नाहीत, पण माझ्यासारख्याला तिथे 'सहासष्ट' की 'शहात्तर' असा ब्रेक लागतो. विजेत्यांची नावं स्वतः लिहिली नाहीत, जागा रिकाम्या ठेवून शाळेकडून भरून घेतली. आयुष्यात एकदाच स्टेजवर पुकारलं जाणारं नाव चुकीचं उच्चारणं फार वाईट.

आणखी एक गोष्ट काकांनी मागून घेतली: भाषण बक्षिसांच्या आधी. कप हातात आल्यावर मुलं तो उलटासुलटा करून बघणार की काकांचं ऐकणार?

निकाल बदलला नाही. तिसरा नंबर ज्यांचा होता त्यांचाच राहिला. पण कार्यक्रम संपल्यावर त्या तिघांपैकी एक मुलगी काकांकडे आली आणि तिने दुसऱ्या पुस्तकाचं नाव विचारलं. सर जवळच उभे होते. पुढच्या वर्षीपासून उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या पुस्तकातून घेतलं तेही लिहायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं.