दानपेटीला कुलूप, स्विचला चिंधी

खंडेनवमीला शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा उद्यमनगरच्या एखाद्या बोळातल्या फाउंड्रीत जाऊन बघा. पॅनलला झेंडूचं तोरण, दारावर हळदकुंकू, समोर फुटलेला नारळ. दसरा झाला की त्याच पॅनलचं दार उघडून कुणाचा तरी मुलगा आत हात घालतो. त्याच्या जिवाची हमी काय? मेन स्विचच्या हँडलला बांधलेली चिंधी. नाहीतर "लावू नको रं, मी आत हाय" अशी हाक, जी शेकआउटच्या धडधडाटात पाच फुटांवरही ऐकू येत नाही.

आम्ही घराला कुलूप लावतो, कपाटाला लावतो, देवाच्या दानपेटीला तर दोन लावतो. ऑफिसातल्या स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली साहेबाच्या खिशात असते. मात्र ज्या हँडलच्या एका हिसक्यावर माणूस जगतो किंवा मरतो, ते हँडल उघडं. येणाराजाणारा कुणीही ते वर करू शकतो. ही गरिबी म्हणावी तर एका कुलपाला काही शे रुपये पडतात, आणि पूजेच्या प्रसादाचा खर्च त्याहून मोठा असतो. आत हात घालणारा माणूस आम्ही मोजलेलाच नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि वर त्याचं कौतुक! "आमचा वायरमन लाइव्ह लाइनवर काम करतो, लई डेरिंगबाज" असं मालक पाहुण्यांना सांगतो, आणि वायरमनची छाती फुगते. लाल मातीत रग दाखवणाऱ्या गावाला पॅनलपुढेही रगच दाखवावीशी वाटते. पैलवानाला समोरचा गडी तरी दिसतो; ४१५ व्होल्ट दिसत नाहीत. मालक, फोरमन, ठेकेदार आणि स्वतः वायरमन, चौघेही या कौतुकात सामील आहेत. म्हणून हा आरोप एकट्या मालकावर नाही.

पुढचं मात्र इलेक्ट्रिशियन मंडळींसाठी आहे. शिफ्टच्या आधी पॅनलसमोर उभं राहून मोठ्यानं वाचावं.

मंडळी, समजा आज सँड मिक्सरच्या पॅनलमधला एक कॉन्टॅक्टर बदलायचा आहे. ऑपरेटर म्हणतो, "इमर्जन्सी दाबलीय, करा काम." इमर्जन्सी बटण फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडतं. कॉन्टॅक्टरच्या वरच्या बाजूला तिन्ही फेज तशाच उभ्या असतात. मग कुणी पॅनलच्या दारावरचं रोटरी हँडल 'ऑफ' करतो आणि निर्धास्त होतो. त्या आयसोलेटरच्या इनकमिंग टर्मिनलवरही व्होल्टेज कायम असतं, कारण ते मागच्या मेन पॅनलमधून येतं. स्पॅनर निसटून तिथे पडला, तर हँडल 'ऑफ' असून उपयोग नाही. म्हणून मिक्सरचा फीडर मेन पॅनलमध्येच एमसीसीबीवर बंद करायचा, आणि कुलूप तिथे घालायचं.

कुलूप प्रत्येकाचं स्वतःचं. चार जण आत काम करणार असतील, तर एमसीसीबीच्या हँडलला हॅस्प लावा. त्याच्या भोकांत चार कुलपं बसतात आणि शेवटचं निघेपर्यंत हँडल हलत नाही. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. फोरमनच्या टेबलावर नाही, सुतळीला बांधून पॅनलला लटकवलेली तर नाहीच. हेल्पर म्हणून आलेल्या अप्रेंटिसचंही कुलूप वेगळं. तो ठेकेदाराचा आहे म्हणून त्याचा जीव कमी व्होल्टेजचा नाही.

कुलपाबरोबर टॅग. त्यावर नाव, मोबाईल नंबर, कोणतं काम, तारीख आणि वेळ. टॅग बोलतो, पण अडवत नाही, म्हणून नुसता टॅग लावून आत जायचं नाही. उलट नुसतं कुलूप असेल तर ते कुणाचं हे कळत नाही, आणि रात्रपाळीत कुणीतरी त्याला कटर लावतो.

आता पुरवठा कुठून कुठून येतो ते शोधा. मिक्सरच्या पॅनलमध्ये हॉपरच्या बेल्टचं इंटरलॉक असतं, आणि ते २३० व्होल्ट बेल्टच्या पॅनलमधून येतं. मिक्सरचा फीडर बंद केला तरी ती तार जिवंत राहते. पीएलसीला यूपीएसमधून वेगळा पुरवठा असू शकतो. लाईट गेली म्हणून सुरक्षित समजून आत शिरू नका. डीजी आपोआप सुरू होतो, आणि महावितरणची लाईन परत येताना कुणाला विचारत नाही. ड्रॉइंग काढा. ड्रॉइंग जुनं असेल, आणि ते असतंच, तर प्रत्येक तार तपासा.

मोटरला ड्राइव्ह असेल तर थांबावं लागतं. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमधल्या कपॅसिटरवर सुमारे ५८५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं, आणि मेन बंद केल्यावर ते उतरायला काही मिनिटं लागतात. किती, ते ड्राइव्हच्या कव्हरवर लिहिलेलं असतं. तेवढा वेळ घ्या आणि मग डीसी टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा. डिस्प्ले विझला म्हणजे व्होल्टेज गेलं, हा समज कित्येकांच्या बोटांवर उतरलाय.

शेवटी तपासणी. खिशातला निऑन टेस्टर इथे चालत नाही. कोरड्या लाकडी फळीवर किंवा जाड रबरी मॅटवर उभ्या माणसाच्या हातात तो कधीकधी पेटतही नाही. मल्टिमीटर घ्या. आधी तो जिवंत सॉकेटवर लावून चालतो का बघा. मग जिथे हात घालायचा आहे तिथेच फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ अशा सगळ्या जोड्या मोजा. शून्य आलं तरी थांबा, आणि मीटर पुन्हा त्याच जिवंत सॉकेटवर लावा. मधल्या वेळात त्याची प्रोब तुटली असेल, तर ते शून्य खोटं होतं. मग स्टार्ट बटण दाबून बघा, काहीच हललं नाही पाहिजे. आता हात घाला.

काम संपलं की हत्यारं मोजा, माणसं मोजा, दार लावा, आणि ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढा. पाळी संपताना काम अर्धवट असेल तर येणाऱ्याचं कुलूप आधी लागतं, जाणाऱ्याचं नंतर निघतं.

या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, ड्राइव्ह असेल तर थोडी जास्त. नेमकी हीच मिनिटं फोरमनला नको असतात. "दोन मिन्टाचं काम हाय, कशाला थाट करतोस?" हे वाक्य उच्चारणाऱ्याला भट्टीतला रस थंड होण्याची काळजी असते. ती खोटी नाही. पण मग मिक्सरची देखभाल रस पडायच्या वेळेलाच का काढली, हे कुणी विचारत नाही. नियोजनाचं पाप वायरमनच्या हातानं फेडायचं, ही आमच्या कारखान्यांची चाल आहे.

अमेरिकेनं १९८९ साली कुलूप-टॅगचा सविस्तर नियम केला. आपल्याकडेही भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी ठळकपणे कारखाना चालवणाऱ्यावर टाकली गेली. कागद मागे राहिलेला नाही. मागे राहिली आहे ती शेजारपाजारची नजर. माणूस गेला की आम्ही "नशीब" म्हणतो, "त्याची वेळ आली होती" म्हणतो, चार प्रतिष्ठित मंडळी मधे पडून प्रकरण मिटवतात, आणि हँडल कुणी वर केलं हे बाराव्यापर्यंत विचारायचं नसतं. देवाच्या माथी मारलेला हा दोष एका उघड्या हँडलचा असतो.

मालकहो, या वेळी खंडेनवमीला नारळाबरोबर कुलपं आणा, जितके इलेक्ट्रिशियन आणि हेल्पर तितकी, नाव कोरलेली, एकेकच किल्ली असलेली. आणि मंडळी, ती मिळेपर्यंत पॅनलचं दार उघडायला नाही म्हणा. एकट्यानं नाही, चौघांनी मिळून म्हणा.